मंगळाची वाट दर सव्वीस महिन्यांनीच का उघडते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मंगळमोहिमांच्या तारखा पाहिल्या की त्या गठ्ठ्यागठ्ठ्याने येतात असे दिसते. जुलै २०२० मध्ये संयुक्त अरब अमिरातीचे ‘होप’, चीनचे ‘तिआनवेन-१’ आणि अमेरिकेचे ‘पर्सिव्हरन्स’ अशी तीन याने अकरा-बारा दिवसांत निघाली आणि त्यानंतर दोन वर्षे कुणीच निघाले नाही. हे असे का होते, यावरचे नेहमीचे प्रश्न इथे घेतले आहेत. उदाहरण म्हणून मुख्यतः भारताचे मंगळयान घेतले आहे. त्याच्याकडे इंधन मोजकेच होते, त्यामुळे कक्षेचे गणित त्याच्या प्रवासात फार स्वच्छ दिसते.

मंगळाला जायला यान वाटेत सतत इंजिन चालवत असते का?

नाही. निघताना वीस-पंचवीस मिनिटे, पोहोचल्यावर साधारण तेवढीच, आणि मध्ये काही सेकंदांच्या किरकोळ दुरुस्त्या, एवढाच वेळ इंजिन चालते. बाकीचे आठ-दहा महिने यान सूर्याभोवती फिरत असते, अगदी एखाद्या छोट्या ग्रहासारखे. म्हणून मंगळाकडे जाणे म्हणजे मंगळाच्या दिशेने नाक करून धावणे नव्हे. यानाला सूर्याभोवतीच्या अशा एका कक्षेत सोडायचे असते, जी पुढे कधीतरी मंगळाच्या कक्षेला भिडेल आणि त्या क्षणी मंगळही तिथे असेल. विंडोचा, म्हणजे निघता येईल अशा मोजक्या दिवसांचा, सगळा प्रश्न या शेवटच्या अटीतून येतो.

मग मंगळ पृथ्वीच्या सर्वांत जवळ असतो तेव्हाच का जात नाहीत?

हा गैरसमज सर्वांत जास्त आढळतो. मंगळ जवळ येतो तो प्रतियुतीच्या सुमारास, म्हणजे सूर्य, पृथ्वी आणि मंगळ एका रेषेत असताना. पण पृथ्वीवरून निघणाऱ्या प्रत्येक यानाकडे पृथ्वीचाच वेग असतो, सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर, आणि तो मंगळाच्या दिशेला नसून तिला आडवा असतो. सरळ रेषेत मंगळाकडे जायचे तर हा आडवा वेग आधी जवळजवळ पुसून टाकावा लागेल. तेवढा वेगबदल करू शकेल असे रॉकेट कुणाकडेही नाही.

म्हणून शहाणपण उलट दिशेचे आहे. तो वेग मोडायचा नाही, त्यात थोडी भर घालायची. यान मग सूर्यापासून हळूहळू बाहेर सरकत अर्धी प्रदक्षिणा करते आणि सूर्याच्या पलीकडच्या बाजूला मंगळाला गाठते. त्यामुळे निघायची वेळ प्रतियुतीच्या साधारण तीन महिने आधी येते. २०२० ची प्रतियुती १३ ऑक्टोबरला होती, तर याने निघाली जुलैच्या उत्तरार्धात. अमेरिकेचे ‘इनसाइट’ ५ मे २०१८ ला निघाले आणि त्या वर्षीची प्रतियुती २७ जुलैला होती.

होमान कक्षा म्हणतात ती हीच का?

हीच. जर्मन अभियंता वॉल्टर होमान यांनी १९२५ मध्ये ती मांडली. हे एक लंबवर्तुळ असते. त्याचे सूर्याजवळचे टोक पृथ्वीच्या कक्षेला आणि दूरचे टोक मंगळाच्या कक्षेला नुसते टेकते. ते दोन्ही कक्षांना छेदून जात नाही, आणि बचत नेमकी इथे होते. जिथे दोन वाटा टेकतात तिथे दिशा सारखीच असते, म्हणून इंधन दिशा वळवण्यात जात नाही, फक्त वेग कमी-जास्त करण्यात जाते.

आकडे पाहू. पृथ्वीचा सूर्याभोवतीचा वेग सेकंदाला २९.८ किमी आहे. या लंबवर्तुळाच्या जवळच्या टोकाला यानाचा वेग ३२.७ किमी असायला हवा, म्हणजे भर फक्त २.९ किमीची. बाहेर जाताना सूर्याच्या ओढीविरुद्ध चढण असल्यामुळे यान मंदावते आणि दूरच्या टोकाला त्याचा वेग २१.५ किमी उरतो. मंगळ तिथे २४.१ किमी वेगाने मागून येत असतो. म्हणजे शेवटी मंगळच यानाला गाठतो. इतक्या लांबच्या प्रवासासाठी दोन्ही टोकांना मिळून साडेपाच किमीचा फरक भरून काढायचा, यापेक्षा स्वस्त अशी दोन धक्क्यांची वाट या दोन कक्षांमध्ये नाही.

या लंबवर्तुळाची अर्धी फेरी २५९ दिवसांची होते.

निघताना मंगळ नेमका कुठे हवा?

२५९ दिवसांत मंगळ आपल्या कक्षेत साधारण १३६ अंश पुढे सरकतो. यान मात्र तेवढ्या वेळात १८० अंश जाते. दोघे एकाच जागी भेटायचे तर निघण्याच्या क्षणी मंगळ पृथ्वीच्या ४४ अंश पुढे हवा.

आता ही स्थिती किती दिवसांनी परत येते ते पाहा. पृथ्वी दिवसाला ०.९८६ अंश चालते आणि मंगळ ०.५२४ अंश. पृथ्वी मंगळाच्या तुलनेत रोज ०.४६२ अंश पुढे जाते, म्हणजे पूर्ण ३६० अंशांची आघाडी घ्यायला तिला ७८० दिवस लागतात. हेच ते सव्वीस महिने. घड्याळाचे दोन काटे बाराला एकत्र आले की पुन्हा एकत्र यायला तासाहून थोडा जास्त वेळ लागतो, कारण मिनिटकाटा फेरी पूर्ण करेपर्यंत तासकाटाही पुढे सरकलेला असतो. इथेही तेच होते. फरक इतकाच की मंगळाचा ‘तासकाटा’ बराच चपळ आहे, म्हणून पृथ्वीला त्याला पुन्हा गाठायला दोन वर्षांहून अधिक काळ लागतो.

पृथ्वीच्या ओढीतून सुटायलाच केवढे इंधन लागते. त्यावर आणखी २.९ किमी वेग म्हणजे दुप्पट खर्च नाही का?

नाही, आणि एका ग्रहाकडून दुसऱ्याकडे नेणाऱ्या या वाटेच्या हिशेबातला हा सर्वांत सुंदर भाग आहे.

समजा यान ३०० किमी उंचीवर पृथ्वीभोवती सेकंदाला ७.७३ किमी वेगाने फिरते आहे. तिथून पृथ्वीची ओढ कायमची सोडायला १०.९३ किमी वेग लागतो, म्हणजे ३.२ किमीची भर. इतकीच भर दिली तर यान दूर जाता जाता पृथ्वीच्या तुलनेत जवळजवळ थांबते आणि सूर्याभोवती पृथ्वीच्याच कक्षेत फिरत राहते. आता तिथे, पृथ्वीपासून दूर, पुन्हा इंजिन चालवून २.९ किमी मिळवले तर एकूण खर्च ६.१ किमीचा होतो.

पण पहिल्याच ज्वलनात, पृथ्वीला अगदी लगटून असताना, वेग १०.९३ ऐवजी ११.३२ पर्यंत नेला तर पृथ्वीची ओढ सुटल्यावर यानाकडे आपोआप २.९ किमी वेग शिल्लक राहतो. जादा खर्च फक्त ०.४ किमी. याला ओबर्थ परिणाम म्हणतात. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गावर अवलंबून असते, त्यामुळे यान वेगात असताना दिलेला छोटा धक्का, ते मंद असताना दिलेल्या तेवढ्याच धक्क्यापेक्षा खूप जास्त ऊर्जा देतो. आणि पृथ्वीभोवती यान सर्वांत वेगात असते ते उपभू बिंदूपाशी, म्हणजे कक्षेच्या सर्वांत खालच्या टोकाला.

हा फरक किलोंमध्ये मांडला की नीट कळतो. इंजिनातून वायू सेकंदाला ३ किमी वेगाने बाहेर पडतो असे धरू. यानांवरच्या द्रवइंधन इंजिनांचा आकडा याच्याच जवळपास असतो. एक टन वजन मंगळाच्या वाटेला लावायला एकाच ज्वलनाच्या रीतीने सुमारे २.३ टन इंधन लागते आणि दोन ज्वलनांच्या रीतीने ६.७ टन. म्हणून पृथ्वीच्या प्रभावाबाहेर पडून मग मंगळाकडे वळू, असे कुणी करत नाही.

मंगळयान ५ नोव्हेंबर २०१३ ला उडाले, पण पृथ्वी सोडली १ डिसेंबरला. मधले पंचवीस दिवस ते काय करत होते?

याच उपभू बिंदूचा फायदा तुकड्या-तुकड्यांनी घेत होते.

पीएसएलव्ही-सी२५ ने १३३७ किलोचे यान थेट मंगळाच्या वाटेवर सोडणे शक्य नव्हते. त्याने यानाला पृथ्वीभोवती साधारण २५० बाय २३,५०० किमीच्या लांबट कक्षेत ठेवले. पुढची सुमारे दीड किमी प्रतिसेकंदाची भर यानाच्या स्वतःच्या इंजिनाने घालायची होती, आणि त्या इंजिनाचा जोर होता अवघा ४४० न्यूटन. पंचेचाळीस किलो वजन हाताने पेलायला लागतो तेवढा. इतक्या छोट्या इंजिनाने सगळी भर एकदम घालायची तर तासाहून अधिक काळ जाळावे लागले असते, आणि तेवढ्यात यान उपभू बिंदू सोडून कितीतरी वर गेलेले असते. बहुतेक इंधन मग मंद वेगात, म्हणजे चुकीच्या जागी जळाले असते.

म्हणून दर वेळी यान खाली आले की काही मिनिटे जाळायचे, असे ठरले. ७ नोव्हेंबरला वरचे टोक २८,८०० किमीवर गेले, ८ ला ४०,२०० वर, ९ ला ७१,६०० वर. खालचे टोक जवळजवळ तिथेच राहिले आणि कक्षा लांब होत गेली. १६ नोव्हेंबरला ते १,९२,८७४ किमीवर पोहोचले. १ डिसेंबरला मध्यरात्रीनंतर पाऊण वाजता सुरू झालेल्या बावीस मिनिटांच्या ज्वलनाने ६४८ मीटर प्रतिसेकंदाची शेवटची भर घातली आणि यान पृथ्वीच्या ओढीतून सुटले.

मुद्दा असा की जमिनीवरून उडण्याची तारीख आणि पृथ्वी सोडण्याची तारीख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मंगळाचे बंधन दुसरीवर असते. मंगळयानाचे उड्डाण आधी २८ ऑक्टोबरला ठरले होते. वाईट हवामानामुळे माग घेणारे जहाज पॅसिफिकमधल्या ठरलेल्या जागी वेळेवर पोहोचू शकले नाही, म्हणून उड्डाण आठवडाभर पुढे गेले. पृथ्वी सोडण्याची तारीख मात्र हलली नाही, मधल्या फेऱ्यांचे वेळापत्रक आवळून घेतले गेले.

पण शेवटच्या कक्षेतून एखादा दिवस उशिरा निघाले असते तर काय बिघडले असते?

एक दिवस उशिरा निघणे त्या कक्षेतून शक्यच नव्हते. १,९२,८७४ किमीच्या कक्षेची एक फेरी सुमारे ३.८ दिवसांची होती, म्हणजे उपभू बिंदूही पावणेचार दिवसांतून एकदाच येणार. म्हणून १६ नोव्हेंबरचे ज्वलन करतानाच, चार फेऱ्यांनंतरचा उपभू बिंदू योग्य तासाला येईल हे पाहावे लागते. शिवाय कक्षेचे लांब टोक कोणत्या दिशेला आहे यावर यान पृथ्वीपासून कोणत्या दिशेने सुटेल हे ठरते. ती दिशा पृथ्वीच्या सूर्याभोवतीच्या वेगाच्या दिशेशी जुळायला हवी, आणि ही दिशा रोज साधारण एक अंश वळत असते.

चौथ्या वेळी काहीतरी बिघडले होते ना?

हो. ११ नोव्हेंबरला १३० मीटर प्रतिसेकंदाची भर अपेक्षित होती, प्रत्यक्षात मिळाली ३५. इंधनाचा प्रवाह सोडणाऱ्या झडपेला दोन विद्युत कॉइल असतात, एक मुख्य आणि एक पर्यायी. त्या दिवशी दोन्ही एकाच वेळी चालू करून पाहिल्या आणि इंधनाचा प्रवाहच थांबला. छोट्या थ्रस्टरांवर थोडी भर मिळाली, पण वरचे टोक एक लाख किमीऐवजी ७८,२७६ किमीवरच राहिले. बिघाड ओळखता आला तो सरळ मोजणीतून, कारण ज्वलनानंतर यानाचा माग घेतला की मिळालेला वेग लगेच कळतो. दुसऱ्याच दिवशी एक जादा ज्वलन करून वरचे टोक १,१८,६४२ किमीवर नेले आणि पुढचे वेळापत्रक शाबूत राहिले.

अशी चूक पृथ्वीभोवती फिरत असताना झाली तर पुढच्या फेरीत भरून काढता येते. सुटण्याच्या क्षणी झाली तर काय होते, ते जपानच्या ‘नोझोमी’ने दाखवले. २० डिसेंबर १९९८ ला पृथ्वीजवळून अखेरची झेप घेताना त्याची एक झडप नीट उघडली नाही आणि भर कमी पडली. वाट दुरुस्त करण्यात इतके इंधन गेले की मंगळाशी थांबायला पुरेसे उरले नाही. ऑक्टोबर १९९९ ला पोहोचायचे यान मग सूर्याभोवती आणखी फेऱ्या मारत डिसेंबर २००३ मध्ये मंगळाजवळ आले, आणि कक्षेत न शिरताच पुढे निघून गेले. मिनिटांचा बिघाड, चार वर्षांचा वळसा. सुटण्याचा क्षण शेवटचा ठेवून त्याआधी इंजिन अनेकदा चालवून पाहणे, ही मंगळयानाच्या पद्धतीची मोठी जमेची बाजू होती असे आम्हाला ठामपणे वाटते.

हिशेब २५९ दिवसांचा, मग मंगळयानाला जवळजवळ ३०० दिवस का लागले?

कारण होमान कक्षा कागदावर दोन सपाट वर्तुळांमध्ये आखलेली असते आणि खरी सूर्यमाला तशी नाही. मंगळाची कक्षा पृथ्वीच्या कक्षेच्या प्रतलाशी १.८५ अंशांनी कललेली आहे. कोन छोटा आहे, पण मंगळाच्या अंतरावर त्याचा अर्थ ७० लाख किमीपर्यंत वर किंवा खाली असा होतो.

आता गंमत पाहा. यानाची कक्षा ज्या प्रतलात असते त्यात तीन बिंदू हवेतच: सूर्य, निघण्याची जागा आणि पोहोचण्याची जागा. पोहोचण्याची जागा बरोबर १८० अंशांवर, पण प्रतलापासून जरा वर असेल, तर हे तिन्ही बिंदू सामावणारे प्रतल एकच मिळते आणि ते जवळजवळ उभे असते. यानाला सूर्याच्या डोक्यावरून जावे लागेल! इतके वळायला लागणारे इंधन अशक्य कोटीतले. म्हणून नेमक्या १८० अंशांची वाट, जी सपाट कागदावर सर्वांत स्वस्त, ती प्रत्यक्षात बहुधा सर्वांत महाग ठरते. तिच्या अलीकडे आणि पलीकडे मात्र दोन स्वस्त वाटा असतात. अलीकडची वाट १८० अंशांपेक्षा कमी फिरते आणि साधारण सात महिने घेते. २०२० ची तिन्ही याने तिनेच गेली. पलीकडची १८० अंशांहून जास्त फिरते आणि दहा महिने घेते. मंगळयान आणि त्याच विंडोत निघालेले अमेरिकेचे ‘मेव्हन’ त्या वाटेने गेले. कोणती वाट स्वस्त हे दर विंडोला बदलते, कारण मंगळाची कक्षा लांबटही आहे. सूर्यापासूनचे त्याचे अंतर पृथ्वीच्या अंतराच्या १.३८ पट ते १.६७ पट होत राहते.

विंडो एका दिवसाची नसून तीन-चार आठवड्यांची कशी?

योग्य क्षणाच्या आसपास किंमत हळू वाढते, मग झपाट्याने. योजना आखणारे निघण्याची तारीख आडवी आणि पोहोचण्याची तारीख उभी धरून प्रत्येक जोडीला लागणारी ऊर्जा आलेखावर मांडतात. समान ऊर्जेच्या रेषा दरीसारख्या दिसतात. रॉकेटची ताकद आणि यानाचे वजन एकदा ठरले की त्या दरीत कोणत्या रेषेपर्यंत चढता येईल हेही ठरते, आणि त्या रेषेच्या आतले दिवस म्हणजे तुमची विंडो. म्हणून ती दरेक यानाची वेगळी असते. हलके यान आणि दमदार रॉकेट असेल तर ती रुंद होते. पर्सिव्हरन्सला अनेक आठवडे होते आणि त्यातल्या कोणत्याही दिवशी उडाले तरी उतरण्याची तारीख १८ फेब्रुवारी २०२१ हीच राहणार होती. उशिरा निघाल्यास थोडी वेगवान वाट, इतकाच फरक.

पुरेसे इंधन घेतले तर विंडोबाहेरही जाता येईल ना?

तत्त्वतः येईल. समजा चुकीच्या वेळी निघाल्यामुळे पृथ्वी सोडताना २.९ ऐवजी ६ किमी वेग शिल्लक हवा आणि मंगळापाशीही यान २.७ ऐवजी ६ किमी वेगाने आले. ओबर्थ परिणामाने निघतानाची जादा किंमत १.१ किमी इतकीच होते, पण मंगळाची ओढ कमी असल्याने तिथे ब्रेक लावायला २.२ किमी जास्त लागतात. दोन्ही मिळून ३.३ किमी. त्याच ३ किमीच्या इंजिनाने हे भरायचे तर मंगळाभोवती पोहोचणारे वजन एक तृतीयांशच उरते. उपकरणे सोडून द्यायची आणि त्या जागी इंधन भरायचे, असा तो सौदा आहे. म्हणून बिघाड निघाला की मोहिमा सरळ पुढच्या विंडोची वाट पाहतात. भूकंपमापकाच्या निर्वात कवचातल्या गळतीमुळे इनसाइटची मार्च २०१६ ची विंडो हुकली आणि यान मे २०१८ मध्ये निघाले. ‘क्युरिऑसिटी’ही २००९ ऐवजी २०११ मध्ये निघाली.

मंगळाशी पोहोचल्यावर इंधन कसे वाचवतात?

जवळून जाताना ब्रेक लावायचा आणि फक्त पकडीत येण्यापुरताच. मंगळयानाने २४ सप्टेंबर २०१४ ला सुमारे २४ मिनिटे इंजिन उलट चालवून १०९९ मीटर प्रतिसेकंद वेग कमी केला आणि ४२२ बाय ७७,००० किमीच्या लांबट कक्षेत शिरले. ४०० किमीच्या गोल कक्षेत जायचे असते तर जवळपास दुप्पट वेग घटवावा लागला असता, आणि तेवढे इंधन टाकीत नव्हते. संदेश पोहोचायला एका बाजूने साडेबारा मिनिटे लागत असल्याने सगळे आदेश आधीच यानात भरून ठेवले होते. त्याआधी, २२ सप्टेंबरला, तीनशे दिवस बंद असलेले मुख्य इंजिन चार सेकंद चालवून पाहिले. त्या चाचणीतच वाटेची शेवटची दुरुस्तीही झाली.

वाटेतल्या दुरुस्त्या किती नाजूक असतात?

निघताना सेकंदाला एका मीटरची चूक राहिली तर तीनशे दिवसांत ती ढोबळ हिशेबाने २६,००० किमी होते, मंगळाच्या व्यासाच्या जवळजवळ चौपट. म्हणून पहिली दुरुस्ती लवकर करतात, तेव्हा ती स्वस्त पडते. मंगळयानाची पहिली ११ डिसेंबर २०१३ ला झाली, पुढची ११ जून २०१४ ला. ऑगस्टची लागलीच नाही.

परत येण्यासाठीही विंडो असते का?

असते, आणि ती फार गैरसोयीच्या वेळी येते. होमान वाटेने यान मंगळावर पोहोचते तेव्हा पृथ्वी ७५ अंश पुढे गेलेली असते. परतीसाठी ती ७५ अंश मागे हवी. ही स्थिती यायला सुमारे ४५४ दिवस लागतात. जाणे २५९, थांबणे ४५४, येणे २५९, म्हणजे एकूण ९७२ दिवस. माणसे पाठवण्याच्या योजनांमध्ये मंगळावरचा मुक्काम सव्वा वर्षाहून लांब दिसतो तो यामुळे.

पुढची विंडो कधी आहे?

२०२४ ची ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास होती. त्यानंतरची २०२६ च्या अखेरीस, आणि तिच्या पुढची २०२८ संपून २०२९ सुरू होताना.